सुरमई थाळी, संपलेले गरम पाणी आणि एक तारा: हॉटेलमालकाच्या एका उत्तराचे पुनर्लेखन

तारकर्ली-मालवण पट्ट्यातील बारा खोल्यांच्या एका कौटुंबिक हॉटेलात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उतरलेल्या पाहुण्यांनी जानेवारीच्या सुरुवातीला गुगलवर एक तारा देऊन अभिप्राय लिहिला. मालकांनी तो रात्री जेवणानंतर वाचला आणि झोपण्यापूर्वीच उत्तर टाकले. ते उत्तर काढून टाकून त्याच्या जागी दुसरे उत्तर कसे तयार झाले, याची मालकांना त्यात मदत करताना मी ठेवलेली ही नोंद आहे. हॉटेलाचे आणि पाहुण्यांचे नाव येथे वगळले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अभिप्राय असा होता:

«अत्यंत वाईट अनुभव. सव्वाअकराला पोहोचलो, खोली मिळाली पावणेतीनला. लहान मुलांना घेऊन चार तास व्हरांड्यात बसवून ठेवले. विचारले तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, पाहिजे तर दुसरीकडे जा. चादरीवर रक्ताचे डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी नाही, कोमटसुद्धा नाही. फोनवर सुरमई थाळी ४५० सांगितली, बिलात ६०० लावली. जेवण ठीक होते. गर्दीच्या दिवसांत लुटायला बसले आहेत. चुकूनही जाऊ नका.»

आणि हे मालकांचे पहिले उत्तर:

«तुमच्यासारखे गिऱ्हाईक आम्हाला नकोच. अठरा वर्षे हा व्यवसाय करतो, आजपर्यंत एकाही पाहुण्याने गरम पाण्याची तक्रार केलेली नाही. चेक-इन बाराचे आहे, सव्वाअकराला यायला कोणी सांगितले होते? चार तास नाही, पावणेतीन तास बसलात, खोटे लिहू नका. चादरीवर रक्त नव्हते, गंजाचा डाग होता, एवढेही कळत नाही का? नाताळात सुरमई काय भावाने मिळते ते बाजारात जाऊन बघा. तुम्ही रात्री दीडपर्यंत बाल्कनीत काय करत होतात आणि शेजारच्या खोलीतून किती फोन आले, ते आम्ही लिहायचे का? ‘येवा, कोकण आपलाच आसा’ म्हणून दार उघडे ठेवले की हेच फळ मिळते. खोटे अभिप्राय टाकणाऱ्यांवर अब्रुनुकसानीचा दावा करता येतो, हे लक्षात ठेवा.»

हे उत्तर वाचताना मालकांविषयी सहानुभूती वाटते, कारण त्यातील बरीचशी वाक्ये वस्तुस्थितीला धरून आहेत. चेक-इनची वेळ बाराचीच होती. डाग गंजाचाच होता. नाताळाच्या आठवड्यात सुरमईचा भाव खरोखरच चढलेला होता, आणि पाण्याची तक्रार याआधी आली नव्हती हेही खरे होते. तरीही हे उत्तर हॉटेलाचे अभिप्रायापेक्षा अधिक नुकसान करीत होते, आणि त्याचे कारण ते कोणासाठी लिहिले होते यात आहे. मालक त्या एका पाहुण्याशी भांडत होते. ज्या पाहुण्याने एक तारा दिला तो हे उत्तर फार तर एकदा वाचणार. उलट पुढच्या सुट्टीसाठी खोली शोधणारी माणसे सर्वांत कमी ताऱ्यांचे अभिप्राय आधी लावून वाचतात आणि त्याखाली मालकाने काय लिहिले आहे हे पाहतात. त्यांना पाहुणा खरा की मालक खरा हे ठरवता येत नाही, आणि ठरवण्यात रसही नसतो. आपण गेलो आणि काही बिघडले तर हा माणूस आपल्याशी कसा वागेल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

त्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत घातक वाक्य रात्री दीडच्या बाल्कनीचे होते. पाहुण्यांनी खरोखर गोंधळ घातला असेल, तर त्याच रात्री दार वाजवून सांगायला हवे होते. नंतर ते जाहीरपणे लिहिले की नवा वाचक त्यातून एकच अर्थ काढतो: येथे राहणाऱ्यांच्या खासगी गोष्टी मालक लक्षात ठेवतो आणि वेळ आली की चारचौघांत मांडतो. खोली क्रमांक, सोबत कोण होते, किती वाजता परतले, काय मागवले, यांपैकी काहीही उत्तरात येता कामा नये, मग ते कितीही खरे असो.

दाव्याची धमकीही तशीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, पण त्याच कलमात लोकहितासाठी केलेले खरे कथन आणि सद्भावनेने व्यक्त केलेले मत यांना अपवाद दिलेले आहेत. प्रत्यक्ष राहून, बिल भरून गेलेल्या पाहुण्याने ‘पाणी गार होते’ असे लिहिले, तर त्यावर दावा टिकवणे अवघड असते, आणि वाचणाऱ्याला धमकी तेवढी दिसते. मालवणी टोमण्याची गोष्ट निराळी. तो सिंधुदुर्गातल्या माणसाला कळेल आणि कदाचित हसूही आणेल. बंगळूरूहून किंवा अहमदाबादहून खोली शोधणारा माणूस मात्र यंत्राने केलेले भाषांतर वाचतो, आणि उपरोध भाषांतरात हमखास उलटा पडतो.

मालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम केले ते उत्तर काढून टाकण्याचे. गुगलवर मालकाचे उत्तर कधीही बदलता किंवा काढता येते. ते बदलून तसेच ठेवण्याऐवजी काही दिवस जागा मोकळी ठेवावी असे मी सुचवले, कारण चौकशी पूर्ण होण्याआधी लिहिलेले दुसरे उत्तरही पहिल्यासारखेच अंदाजावर उभे राहिले असते. अभिप्राय ‘अयोग्य’ म्हणून गुगलकडे कळवावा, असा एक विचार घरात निघाला होता. तो मार्ग शिवीगाळ, प्रतिस्पर्ध्याने रचलेला मजकूर किंवा कधीच न आलेल्या माणसाचा अभिप्राय यांच्यासाठी आहे. ही मंडळी रजिस्टरात होती, त्यांचे बिल होते. अभिप्राय कठोर होता, पण बनावट नव्हता.

चौकशीत खोलीचा प्रश्न लवकर सुटला. रजिस्टरप्रमाणे पाहुणे सव्वाअकराला आले आणि त्यांना किल्ली पावणेतीनला मिळाली. म्हणजे पाहुण्यांच्या मते साडेतीन तास, ज्याचे रागाच्या भरात चार झाले. मालकांनी घड्याळ बारापासून लावले म्हणून त्यांचे पावणेतीन. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि नेमक्या अशाच ठिकाणी उत्तरे बिघडतात. व्हरांड्यात मुले घेऊन बसलेल्या माणसासाठी वेळ तो पोहोचल्यापासून सुरू होते. शिवाय त्या खोलीतील आधीचे पाहुणे स्कूबा डायव्हिंगला गेले असून उशिरा परतणार आहेत, हे काउंटरवर अकरालाच कळलेले होते. खोली उशिरा मिळणे गर्दीच्या दिवसांत घडते. पण माहीत असूनही ‘होईलच आता’ असे सांगत राहणे ही चूक हॉटेलाची होती, आणि ही गोष्ट पहिल्या उत्तराच्या आसपासही फिरकलेली नव्हती.

गरम पाण्याची चौकशी मात्र खोलवर गेली. मालकांचा ठाम दावा होता की गच्चीवर ५०० लिटरची सौर टाकी आहे, तिच्यात ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल आहे, आणि अठरा वर्षांत कोणी बोललेले नाही. टाकी होती आणि पाणीही तापत होते. प्रश्न ते किती जणांना पुरते याचा होता. पहाटे टाकीतील पाणी साधारण ५५ अंशांवर आणि नळाचे पाणी २५ अंशांवर धरले, तर अंघोळीला सुखकर अशा ४० अंशांचे पाणी मिळवण्यासाठी दोन्ही निम्मे-निम्मे मिसळावे लागते; म्हणजे ५०० लिटरचे १,००० लिटर होतात. शॉवरखाली सात-आठ मिनिटांच्या अंघोळीला ६० लिटर लागतात असे मानले, तर सोळा-सतरा माणसांनंतर टाकी रिकामी. त्या सकाळी हॉटेलात ३८ पाहुणे होते, आणि डॉल्फिन पाहण्याच्या होड्या सकाळीच सुटत असल्यामुळे जवळजवळ सर्वांनी सहा ते साडेसातच्या दरम्यान नळ उघडले होते. सकाळी सर्वांत आधी उठणाऱ्या कामगाराच्या आठवणीप्रमाणे सव्वासातनंतर मागच्या खोल्यांतून फोन सुरू झाले, आणि या पाहुण्यांची खोली नळाच्या त्याच टोकाला होती.

मग कॉइल काय करीत होती? ती जळालेली होती. कधी जळाली हे कोणालाच सांगता आले नाही, कारण एरवी सहा-सात खोल्या भरलेल्या असत आणि तेवढ्यांना सूर्याचे पाणी पुरत असे. वायरमनने ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर विहिरीच्या पाण्यातील क्षारांचा बोटाएवढा जाड थर चढलेला होता. ‘आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी का, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. तक्रार आली नव्हती कारण यंत्रणेवर पूर्ण भार कधी पडलाच नव्हता. पडला त्या पहिल्याच आठवड्यात तिचे पितळ उघडे पडले. हिशेबातून आणखी एक गोष्ट कळली, जी उत्तरातील आश्वासनासाठी महत्त्वाची ठरली. ५०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला तीन किलोवॉटच्या कॉइलला सुमारे सहा तास लागतात. म्हणजे नवी कॉइल बसवली तरी सकाळी रिकामी झालेली टाकी ती दुपारच्या आत भरून काढू शकत नाही. ती रात्रीच चालवून पाणी आणखी तापवून ठेवावे लागते, आणि दूरच्या खोल्यांना वेगळी सोय करावी लागते. मालकांनी टायमरसह नवी कॉइल बसवली आणि मागच्या बाजूच्या चार खोल्यांत गीझर लावले.

थाळीच्या दराबाबत मालक सर्वांत जास्त चिडलेले होते, कारण ‘लुटायला बसले आहेत’ हे शब्द त्यांना लागले होते. त्यांचे म्हणणे असे की भोजनगृहात फळ्यावर सुरमई थाळी ६०० रुपये असे स्पष्ट लिहिलेले होते आणि खाली ‘माशांचे दर बाजारभावाप्रमाणे’ अशी ओळही होती. हिशेब पाहणाऱ्या त्यांच्या सुनेने आरक्षणाच्या वेळचा व्हॉट्सॲपवरील संवाद काढला. तिथे पाहुण्यांनी जेवणाचे दर विचारले होते आणि हॉटेलाने त्यांना मेनूकार्डाचा फोटो पाठवला होता. फोटो ऑक्टोबरचा होता, त्यावर सुरमई थाळी ४५० होती, आणि बाजारभावाची ओळ फोटोत कापली गेली होती. चार थाळ्यांचे ६०० रुपये जास्त गेले होते आणि पाहुण्यांकडे लेखी पुरावा होता. समजा मालकांचे पहिले उत्तर तसेच राहिले असते आणि पाहुण्यांनी खाली तो फोटो चिकटवला असता, तर पुढे बोलायला जागा उरली नसती.

काउंटरवरच्या मुलाचे बोलणे मात्र कोणत्याही नोंदीत नव्हते. पाहुणे म्हणतात तो ‘पाहिजे तर दुसरीकडे जा’ असे म्हणाला; मुलगा म्हणतो, ‘दुसरीकडे जायचे असेल तर पैसे परत देतो’ असे म्हणालो. सूर कसा होता हे कोणी सांगणार नाही, कॅमेऱ्यात आवाज नव्हता. मालकांना मुलाला पाठीशी घालायचे होते, आणि ते योग्यही होते. पण त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणेही, तीन तास थांबलेल्या कुटुंबाला दुसरीकडे जाण्याचा विषय ऐकावा लागला होता. दोन्ही बाजूंना मान्य असलेला हा एवढा भाग उत्तरात घ्यायचा आणि सुराच्या वादात पडायचे नाही, असे ठरले. ‘कर्मचाऱ्याला समज दिली आहे’ हे वाक्य मी मुद्दाम गाळायला लावले. मालक मोकळा राहून सारे खापर काउंटरवरच्या पोरावर फुटते, असा त्याचा वास येतो; आणि खोली कधी मिळेल हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

ही माहिती हाती आल्यावर मालकांनी दुसरा मसुदा लिहिला, आणि तो पहिल्याच्या अगदी विरुद्ध टोकाला गेला:

«आदरणीय पाहुणे, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. पाहुण्यांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. आपल्या मौल्यवान सूचनांची आम्ही नोंद घेतली असून भविष्यात अधिक चांगली सेवा देण्याचा प्रयत्न करू. जेवण आवडल्याबद्दल धन्यवाद. आपण पुन्हा एकदा आम्हाला सेवेची संधी द्यावी, आम्ही आपल्याला विशेष सवलत देऊ.»

यात राग नाही, पण माहितीही नाही. हेच शब्द कोणत्याही हॉटेलाच्या कोणत्याही अभिप्रायाखाली बसतील, आणि वाचणाऱ्याला ते ताबडतोब कळते. ज्याने पाच नेमक्या गोष्टी लिहिल्या, त्याला ‘गैरसोय’ या एका शब्दात गुंडाळले की आपले कोणी वाचलेच नाही असे त्याला वाटते. ‘जेवण ठीक होते’ या त्रोटक वाक्याचे ‘जेवण आवडल्याबद्दल धन्यवाद’ करणे तर उगाच शब्द तोंडात घालण्यासारखे होते. सवलतीच्या वाक्यात आणखी एक धोका होता. अभिप्राय बदलण्याच्या किंवा काढण्याच्या बदल्यात पैसे, सवलत किंवा वस्तू देऊ करणे गुगलच्या नियमांत बसत नाही. जाहीर सवलत अट न घालताही तशीच दिसते, आणि पुढच्या पाहुण्यांना ती तक्रार करण्याचे आमंत्रण वाटू शकते.

त्यामुळे पैशांचा व्यवहार उत्तराच्या आधी आणि उत्तराच्या बाहेर उरकला. मालकांनी पाहुण्यांना स्वतः फोन केला, जुना फोटो आपल्याकडूनच गेल्याचे सांगितले, आणि ६०० रुपये त्यांनी ज्या यूपीआय क्रमांकावरून बिल भरले होते त्यावर परत पाठवले. अभिप्रायाविषयी त्या फोनवर एक शब्दही काढायचा नाही, असे आधीच ठरले होते. संभाषण तुटक झाले. पाहुण्यांनी ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला, आणि मालकांचा चेहरा पुन्हा थोडा उतरला.

सर्वांत जास्त चर्चा डागाच्या वाक्यावर झाली. बाकी सगळीकडे हॉटेलाची चूक मान्य करायची होती; येथे मात्र पाहुण्यांचे विधान चुकीचे होते आणि ते तसेच सोडले असते तर हॉटेलाच्या खाटांवर रक्त असते असा समज कायम राहिला असता. चादरी मागच्या अंगणात लोखंडी तारेवर वाळत, समुद्राच्या खाऱ्या हवेने तार गंजलेली, आणि ओल्या कापडावर तांबूस पट्टा उठलेला. डाग तारेच्या रेषेत, घडीच्या जागी होता, आणि तशाच आणखी तीन चादरी कपाटात सापडल्या. चूक दुरुस्त करताना दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. एक, डाग कशाचा हे एकाच वाक्यात आणि कारणासह सांगायचे. दोन, त्याच दमात हेही लिहायचे की गंजाचा असला तरी डागाची चादर पाहुण्याच्या खाटेवर घातली जायला नको होती. दुसरा भाग नसता, तर पहिला भाग ‘एवढेही कळत नाही का’ याचीच सभ्य आवृत्ती झाला असता. जागेचाही विचार केला. हे वाक्य सुरुवातीला ठेवले तर सारे उत्तर खुलासा देण्यासाठीच लिहिले आहे असे वाटेल, म्हणून चुकांची कबुली संपल्यावर ते घेतले.

शेवटी प्रसिद्ध झालेले उत्तर असे:

«नमस्कार. आपल्याला खोलीसाठी साडेतीन तास थांबावे लागले, दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी मिळाले नाही, आणि थाळीचा दर आम्ही कळवला होता त्यापेक्षा जास्त लागला. या तिन्ही गोष्टी आमच्या नोंदींत तशाच आढळल्या. मी आपली माफी मागतो.

आधीच्या पाहुण्यांना उशीर होणार हे आम्हाला अकरालाच कळले होते. आपण आलात तेव्हाच खरी वेळ सांगितली असती, तर मुलांना घेऊन व्हरांड्यात बसावे लागले नसते. इतके थांबल्यावर दुसरीकडे जाण्याविषयी ऐकावे लागले, हेही व्हायला नको होते.

त्या सकाळी सौर टाकीतील पाणी सव्वासातच्या सुमारास संपले आणि तिच्यातील विजेची कॉइल बंद पडलेली होती. आम्ही नवी कॉइल बसवली आहे आणि मागच्या चार खोल्यांत स्वतंत्र गीझर लावले आहेत.

आपल्याला पाठवलेला मेनूकार्डाचा फोटो जुना होता. चार थाळ्यांच्या फरकाचे ६०० रुपये आपल्याला परत केले आहेत. माशांचा दर रोज बदलतो, म्हणून आता तो जेवणाची ऑर्डर घेण्यापूर्वी सांगितला जातो.

चादरीवरचा डाग वाळत घालण्याच्या लोखंडी तारेच्या गंजाचा होता. तरीही तशी चादर आपल्या खाटेवर घातली जायला नको होती. त्या तारा काढून नायलॉनची दोरी बांधली आहे.

यातले काही चुकीचे लिहिले असेल किंवा काही राहिले असेल, तर हॉटेलाच्या क्रमांकावर मला फोन करावा. — मालक»

या मजकुरातील काही निवडी उघड दिसत नाहीत, म्हणून त्यांविषयी थोडे. लांब उत्तराच्या पहिल्या काही ओळीच आधी दिसतात आणि बाकीचा भाग उघडावा लागतो; म्हणून तिन्ही मुख्य तक्रारी आणि माफी पहिल्याच परिच्छेदात आहेत. ज्याने पुढे वाचलेच नाही, त्यालाही मालकाने टाळाटाळ केली नाही एवढे कळते. गर्दीचा, नाताळाचा किंवा हंगामाचा उल्लेख मुळीच नाही. मालकांना तो हवा होता, कारण ते खरे कारण होते. पण मेमध्ये येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने ‘गर्दीमुळे’ हा शब्द वाचला तर गर्दीच्या दिवसांत इथे असेच होते असाच अर्थ ते घेईल. बंद पडलेली कॉइल हे कारण सांगितले, कारण ते दुरुस्त करता येते आणि केले गेले. ‘तुम्हाला तसे वाटले याबद्दल खेद आहे’ या धाटणीचे एकही वाक्य नाही. पाणी गार होते हे पाहुण्यांना वाटले नव्हते, ते गारच होते.

शेवटच्या ओळीत मालकांनी ‘यातले काही चुकीचे लिहिले असेल’ हे शब्द स्वतः घातले. मी ते सुचवले नव्हते, आणि सुरुवातीला मला ते अनावश्यक वाटले. पण ते राहिले हे बरे झाले, कारण त्यांमुळे सगळे उत्तर निकालपत्रासारखे न वाटता बोलण्यासारखे वाटते.

उत्तर टाकल्यावर काही दिवसांनी पाहुण्यांनी आपल्या अभिप्रायात एक ओळ जोडली: «हॉटेलने थाळीचे जास्तीचे पैसे परत केले.» तारा एकच राहिला. ‘चुकूनही जाऊ नका’ हे वाक्यही तसेच राहिले. मालकांना त्याचे वाईट वाटले. मला मात्र ती जोडलेली ओळ तारे वाढण्यापेक्षा मोलाची वाटते, कारण उत्तरातील एका विधानाला खुद्द तक्रारदाराचाच दुजोरा मिळाला. पहिल्या रात्रीच्या उत्तराचा फोटो कोणी काढून ठेवला असेल, तर त्याला काही इलाज नाही, आणि तो कधी समोर आलाच तर त्यावर खुलासा देत बसू नये असे आम्ही ठरवले आहे.

एक मुद्दा मात्र उत्तराबाहेर मिटवावा लागला. मसुद्याच्या एका टप्प्यावर ‘आता चोवीस तास गरम पाणी’ असे वाक्य मालकांनी लिहिले होते, आणि आरक्षणाच्या संकेतस्थळावर सोयींच्या यादीत तेच शब्द आधीपासून होते. टाकीचा हिशेब मांडल्यावर ते पाळणे शक्य नाही हे त्यांनाच दिसले, आणि ज्या उत्तरात एवढे नेमके लिहिले आहे त्याच्याखाली एप्रिलमध्ये दुसऱ्या कोणी ‘दुपारी पाणी गार’ असे लिहिले असते, तर बाकीची वाक्येही संशयाखाली आली असती. ते वाक्य कापले गेले. संकेतस्थळावर आणि प्रत्येक खोलीत दाराच्या मागे आता ‘गरम पाणी: सकाळी ६ ते १०’ असे आहे, आणि मागच्या चार खोल्यांच्या दारांवर त्याखाली गीझरचे बटण कुठे आहे ते लिहिले आहे.